कूलरच्या पोटातला लघुगणक

तारकर्लीला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. मधली जमीन दक्षिणेकडे देवबागपर्यंत निमुळती होत जाते आणि तिथे नदी समुद्राला मिळते. मासेमारीच्या नौका नदीच्या बाजूला, लाटांच्या आडोशाला उभ्या असतात. नौकांना हा आडोसा सोयीचा असला तरी त्यांच्या इंजिनांना तो पुष्कळदा मानवत नाही. या लेखात जे सांगायचे आहे त्याचे मूळ या न मानवण्यात आहे.

देवबागच्या एका तांडेलांनी मला गेल्या मोसमात नौकेवर बोलावले. यंत्रांच्या हिशेबांचा मला नाद आहे हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. त्यांची अडचण एका वाक्याची होती. "भाऊ, पंप नवो घातलंय, तरी काटो खाली येणा नाय." काटा म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान दाखवणारा. पूर्ण जोर दिला की तो तांबड्या पट्ट्यात जाई, म्हणून ते पाऊण जोरावर नौका हाकत. जाळे ओढताना जोर कमी पडला तर काय होते, हे मासेमारांच्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की डिझेल जळते, वेळ जातो आणि जाळे हवे तसे ओढले जात नाही.

नौकेच्या इंजिनात मोटारीसारखा रेडिएटर नसतो. इंजिनाभोवती फिरणारे गोडे पाणी बंद वाटेने फिरत राहते आणि ते समुद्राच्या पाण्याने थंड केले जाते. ही दोन पाणी एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, पण उष्णता मात्र एकातून दुसऱ्यात जाऊ द्यायची, हे काम कूलरचे. पुस्तकात त्याला उष्णता-विनिमयक म्हणतात. एका जाड नळकांड्यात, म्हणजे शेलमध्ये, बारीक नळ्यांचा जुडगा बसवलेला असतो. नळ्यांतून खारे पाणी जाते आणि नळ्यांच्या बाहेरून, आडव्या पडद्यांना वळसे घेत, इंजिनाचे गरम पाणी जाते. खारे पाणी नळ्यांच्या आत ठेवण्याचे कारण साधे आहे: शेवाळ, गाळ आणि कालवांची पिल्ले त्याच पाण्यातून येतात, आणि झाकण उघडून नळीत सळई घालता येते, तशी ती नळ्यांच्या बाहेरच्या फटींत घालता येत नाही.

असा कूलर किती मोठा हवा? हा प्रश्न एका समीकरणात मांडता येतो:

Q = U × A × ΔT

Q म्हणजे दर सेकंदाला काढून टाकायची उष्णता. A म्हणजे नळ्यांचे एकूण पृष्ठफळ. U म्हणजे एक चौरस मीटर पृष्ठातून, एक अंश फरकाला, किती उष्णता जाते तो आकडा. आणि ΔT म्हणजे गरम आणि थंड पाण्यातला तापमानाचा फरक. Q, U आणि ΔT कळले की A निघतो, आणि A निघाला की किती नळ्या, किती लांब, हे कळते. अडचण ΔT ची आहे, कारण कूलरमध्ये एकच फरक नसतो. प्रत्येक वितीवर तो वेगळा असतो.

तांडेलांच्या इंजिनाचे आकडे घेऊ. पूर्ण जोराला साधारण १२० अश्वशक्ती, म्हणजे ९० किलोवॅट. इतक्या जोराच्या डिझेल इंजिनाच्या पाण्यातून सुमारे ६० किलोवॅट उष्णता काढावी लागते. गोडे पाणी सेकंदाला १.८ किलो फिरते. पाण्याची विशिष्ट उष्णता धरली तर ६० किलोवॅट काढल्यावर ते ८ अंशांनी थंड होते. ८२ अंशांवर कूलरमध्ये शिरावे आणि ७४ वर बाहेर पडावे, अशी अपेक्षा. समुद्राचे पाणी सेकंदाला १ किलो, आणि उन्हाळ्यात ३० अंश. तेवढीच उष्णता घेऊन ते १५ अंशांनी तापते आणि ४५ वर नौकेच्या कुशीतून बाहेर पडते. हे पाणी ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये असा संकेत आहे, कारण त्यापुढे क्षारांचा थर धरायला लागतो.

आता दोन्ही पाणी उलट दिशांनी जातात असे समजा. जिथे ८२ चे पाणी आत येते, तिथेच ४५ चे खारे पाणी बाहेर पडते: फरक ३७. दुसऱ्या टोकाला गोडे पाणी ७४ ला बाहेर पडते आणि समुद्राचे ३० चे पाणी आत येते: फरक ४४. मधल्या सगळ्या वाटेत फरक ३७ आणि ४४ च्या मध्ये कुठेतरी असतो. मग सरासरी घ्यावी, हे पहिल्यांदा कुणालाही सुचते. पण सरासरी का चालत नाही, हे समजण्यासाठी जरा टोकाचे उदाहरण घ्यावे लागेल.

एक कूलर असा कल्पा की एका टोकाला फरक ६४ अंश आहे आणि दुसऱ्या टोकाला ४. न्यूटनने १७०१ मध्ये थंड होण्याबद्दल जो नियम मांडला, त्याचा गाभा असा की उष्णता फरकाच्या प्रमाणात वाहते. जिथे फरक मोठा, तिथे ती जोराने वाहते आणि म्हणून तिथेच तापमाने झपाट्याने जवळ येतात. जसजसा फरक कमी होतो, तसतसा तो कमी होण्याचा वेगही मंदावतो. परिणामी फरक वजाबाकीने घटत नाही, गुणोत्तराने घटतो. ६४ पासून ४ पर्यंतची वाट चार सारख्या तुकड्यांत वाटली, तर फरक ६४, ३२, १६, ८, ४ असे येतात. प्रत्येक तुकड्यात तो अर्धा होतो. टोकांची साधी सरासरी ३४ आहे, पण नळीचा बहुतेक भाग ३४ च्या बराच खाली आहे. या पाच नोंदींचीच सरासरी काढली तर ती पंचवीसच्या आसपास येते, आणि तुकडे आणखी बारीक करत गेलो तर ती २१.६ कडे सरकते.

हा २१.६ म्हणजेच लघुगणकीय माध्य तापमानफरक, इंजिनीअरांच्या बोलीत एलएमटीडी. तो काढण्याची कृती अशी: दोन टोकांच्या फरकांची वजाबाकी करायची आणि तिला त्या फरकांच्या भागाकाराच्या नैसर्गिक लघुगणकाने भागायचे. इथे वजाबाकी ६०, भागाकार १६, सोळाचा नैसर्गिक लघुगणक २.७७, ६० ला २.७७ ने भागले की २१.६. लघुगणक इथे कुणी बाहेरून आणून बसवलेला नाही. सारख्या अंतरात सारख्या पटीने घटणाऱ्या राशीची खरी सरासरी काढायला गेले की तो आपोआपच येतो. या उदाहरणात ज्याने ३४ धरून कूलर बनवला, त्याला प्रत्यक्षात त्याच्या दीडपटीहून जास्त पृष्ठफळ लागले असते.

आता तेच गणित तांडेलांच्या कूलरला लावू. टोकांचे फरक ४४ आणि ३७, वजाबाकी ७, भागाकार १.१८९ आणि त्याचा लघुगणक ०.१७३. उत्तर ४०.४ अंश. साधी सरासरी ४०.५ आली असती. म्हणजे इतका खटाटोप केल्यावर एक दशांश अंशाचा फरक! मीही पहिल्यांदा हे गणित केले तेव्हा हिरमुसलो होतो. पण यातच एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. दोन टोकांचे फरक जवळजवळ सारखे असले की लघुगणक आणि सरासरी एकमेकांना चिकटून असतात. एक दुसऱ्याच्या दुप्पट झाला तरी दोहोंत चार टक्क्यांचेच अंतर पडते. लघुगणकाची खरी गरज टोके विषम झाली की लागते.

उलट प्रवाहाचेही तसेच. दोन्ही पाणी एकाच दिशेने नेली असती, तर पहिल्या टोकाला फरक ५२ आणि दुसऱ्याला २९ आला असता, आणि एलएमटीडी ३९.४. उलट प्रवाहाने आपल्याला एका अंशाचा फायदा झाला, बस्स. जिथे थंड पाणी गरम पाण्याच्या बाहेर पडण्याच्या तापमानापेक्षाही वर तापवायचे असते, तिथे सारख्या दिशेचा प्रवाह मुळातच निरुपयोगी ठरतो आणि उलट प्रवाहावाचून गत्यंतर नसते. नौकेच्या कूलरवर तशी वेळ येत नाही.

मग तांडेलांचा कूलर कशाने अडला होता? त्यांनी तो बाहेरगावच्या एका कारखान्यातून बनवून घेतला होता आणि सोबत आलेला कागद जपून ठेवला होता. कागदावर तीन आकडे होते: उष्णता ६० किलोवॅट, U १७२४ आणि फरक ५२. त्यावरून पृष्ठफळ ०.६७ चौरस मीटर. हा ५२ कुठून आला ते उघड होते. ८२ चे पाणी आत येते, ३० चे पाणी आत येते, वजाबाकी ५२. पण ही दोन पाणी उलट प्रवाहाच्या कूलरमध्ये कुठेच समोरासमोर येत नाहीत. गरम पाण्याला भेटते ते आधीच तापलेले खारे पाणी. एकमेकांना कधी न भेटणाऱ्या दोघांच्या अंतरावर सगळा कूलर उभा केला होता.

दुसरा दोष १७२४ मध्ये दडलेला होता. U चा आकडा नीट कळायला त्याची उलटी बाजू पाहावी, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. अडथळ्यांची बेरीज करता येते, म्हणून ते सोयीचे. मोजण्याचे एकक असे धरू की आकडे पूर्णांकात यावेत; मग एक लाखाला त्या बेरजेने भागले की U मिळतो. गोड्या पाण्याच्या बाजूचा अडथळा ४०, तांबे-निकेलच्या नळीच्या भिंतीचा फक्त २, आणि नळीतून सेकंदाला दीड मीटर वेगाने जाणाऱ्या खाऱ्या पाण्याचा १६. बेरीज ५८, आणि त्यावरून U १७२४. म्हणजे कारखान्याने गणित चुकवले नव्हते. पण हा हिशेब नव्याकोऱ्या, चकचकीत नळ्यांचा होता.

नळ्या तशा राहत नाहीत. त्यांच्या आत थर धरतो आणि थर म्हणजे आणखी एक अडथळा. अशा कूलरांच्या उत्पादकांची अमेरिकेतली संघटना, टेमा, वेगवेगळ्या पाण्यांसाठी या थराचे आकडे सुचवते. आपल्या एककात सांगायचे तर समुद्राच्या पाण्याला साधारण ९. पण खाडीच्या मचूळ पाण्याला, ते वेगाने वाहत असेल तर १८, आणि सेकंदाला मीटरभरापेक्षा हळू वाहत असेल तर ३५. खुल्या समुद्रापेक्षा नदीच्या मुखाशी थर दुप्पट ते चौपट, हे त्या कोष्टकात सरळ छापलेले आहे. कर्लीच्या मुखाशी उभी राहणारी आणि तिथूनच इंजिन सुरू करून निघणारी नौका कुठल्या ओळीत बसते, ते वेगळे सांगायला नको. गोड्या पाण्याच्या बाजूलाही थोडा थर धरतो, त्याचे ९ धरू. म्हणजे खरी बेरीज ४० अधिक २ अधिक १६ अधिक ९ अधिक १८: एकूण ८५. U आला ११७६.

या आकड्यांनी पुन्हा पृष्ठफळ काढले: ६०,००० वॅटला ११७६ ने आणि ४०.४ ने भागायचे. उत्तर १.२६ चौरस मीटर. नौकेवर होता तो ०.६७ चा. जवळजवळ निम्मा.

तरीही कागदावरच्या गणिताने नौकेचा निवाडा करू नये, म्हणून आम्ही मोजून पाहिले. पाऊण जोरावर अर्धा तास नौका चालवली. गोडे पाणी ९५ ला आत, ८९ ला बाहेर. खारे पाणी ३० ला आत, ४१ ला बाहेर. कुशीतून बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याखाली वीस लिटरची बादली धरली. ती वीस-साडेवीस सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला १ किलोच्या आसपास. यावरून खाऱ्या पाण्याने घेतलेली उष्णता ४४ किलोवॅट आणि गोड्या पाण्याने दिलेली ४५. दोन्ही आकडे जुळले की मोजमापावर विश्वास ठेवायला हरकत नसते. ते जुळले नसते तर पुढचे गणित करण्यात अर्थ नव्हता. टोकांचे फरक ५४ आणि ५९, एलएमटीडी ५६.५. ६० किलोवॅटच्या जागी साडेचव्वेचाळीस घालून U काढला तर तो पावणेबाराशेच्या जवळ आला. टेमाच्या मचूळ पाण्याच्या ओळीने सांगितले होते तेवढाच.

इथे या पद्धतीचा दुसरा उपयोग दिसतो. कूलर बनवण्याआधी ती आकार सांगते आणि बनवल्यानंतर रोगनिदान करते. काटा वर गेला की नौकेवर पहिला संशय पंपावर येतो, आणि तांडेलांनीही तो बदललाच होता. पण पंप किंवा जाळी दोषी असेल तर खारे पाणी कमी येते, आणि कमी पाण्याला तीच उष्णता वाहायची असल्याने ते जास्त तापते. पूर्ण जोरावर ते १५ ऐवजी २५ अंशांनी तापत असेल तर प्रवाह ०.६ किलोवर आला आहे असे समजावे, आणि इम्पेलरची पाती किंवा तळाची जाळी पाहावी. खारे पाणी नेमाने तापत असेल आणि इंजिन मात्र गरम राहत असेल, तर प्रवाह ठीक आहे. दोष नळ्यांच्या पृष्ठाचा आहे. मग प्रश्न उरतो की पृष्ठ मळले आहे की मुळात कमी आहे. मळले असेल तर काटा आठवड्यांमागून आठवडे हळूहळू चढत गेलेला असतो. मुळात कमी असेल तर तो पहिल्या दिवसापासून वर असतो.

मी तांडेलांना विचारले, कूलर नवा होता तेव्हा पूर्ण जोराला काटा कुठे असे? ते म्हणाले, चौऱ्याण्णववर, पण नवे यंत्र आहे, बसेल हळूहळू, असे सगळे म्हणाले. गणितही तेच सांगत होते. नळ्या नव्या असताना ०.६७ चौरस मीटरमधून ६० किलोवॅट जायला ५२ अंशांचा फरक हवा. मिळायला हवा होता ४०.४ चा. समुद्र तर थंड होणार नाही, मग इंजिनच साडेअकरा अंशांनी तापले: ८२ चे ९४. कागदावरचा ५२ खरा झाला होता, पण तो इंजिनाने स्वतः तापून खरा केला.

याच वाटेने आणखी एक गोष्ट कळते. उष्णता, U आणि पृष्ठफळ तेच राहिले, तर एलएमटीडीही तोच राहावा लागतो. म्हणून समुद्र एक अंशाने तापला की इंजिनाचे पाणीही बरोबर एक अंशाने तापते. मार्चमध्ये कसाबसा चालणारा कूलर मे महिन्यात का हरतो, याचे उत्तर एवढेच आहे.

नवा कूलर कसा हवा, हे ठरवताना मात्र सूत्र पुरेसे पडले नाही. शुद्ध उलट प्रवाहाचा कूलर म्हणजे खारे पाणी एका टोकाने शिरून सरळ दुसऱ्या टोकाने बाहेर. दहा मिलिमीटर बाहेरच्या आणि आठ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळ्या घेतल्या, तर सेकंदाला दीड मीटर वेग राखायला तेरा नळ्या हव्यात. तेरा नळ्यांतून १.२६ चौरस मीटर मिळवायचे तर प्रत्येक नळी ३.१ मीटर लांब. एवढा लांब कूलर या नौकेच्या इंजिनखोलीत ठेवायचा कुठे?

तांडेलांच्या मुलाने सुचवले की नळ्या वाढवाव्यात: चाळीस नळ्या, प्रत्येकी मीटरभर. पृष्ठफळ तेवढेच भरते. पण तेच पाणी चाळीस नळ्यांत वाटले गेले की वेग अर्ध्या मीटरवर येतो. संथ पाण्याचा स्वतःचा अडथळा १६ वरून ३९ वर जातो आणि थराची ओळही बदलते: १८ ऐवजी ३५. बेरीज १२५, U ८००, आणि आता लागणारे पृष्ठफळ १.८६. चाळीस नळ्या पुन्हा अपुऱ्या. नळ्या वाढवाव्यात तो वेग कमी होतो, वेग कमी झाला की थर वाढतो. ज्याला वाटते की मोठा कूलर नेहमीच सुरक्षित, त्याने हे गणित एकदा हाताने करून पाहावे. वेग भलताच वाढवणेही बरे नाही. सेकंदाला दोन-अडीच मीटरच्या पुढे तांबे-निकेलच्या नळ्यांची तोंडे झिजू लागतात, आणि पाण्यात वाळू असेल तर लवकरच.

यातून वाट निघाली ती घडीची. टोकाच्या झाकणांत आडभिंती घालून खारे पाणी तेरा-तेरा नळ्यांतून चार वेळा मागेपुढे न्यायचे. नळ्या बावन्न, प्रत्येकी ८० सेंटिमीटर, पृष्ठफळ १.३१. वेग दीड मीटरच राहतो. यात प्रवाह शुद्ध उलट राहत नाही. दोन घड्यांत पाणी गरम प्रवाहाबरोबरच जाते. त्यासाठी एलएमटीडीला एका गुणकाने कमी करायचे असते. आपल्या तापमानांना तो गुणक ०.९९ येतो. एका टक्क्याचे नुकसान सोसून तीन मीटरचे यंत्र हातभर लांबीच्या नळकांड्यात बसते. हा गुणक ०.८ च्या खाली गेला तर मात्र घडीचा नाद सोडावा, असा कारागिरांचा संकेत आहे. पंपाला पाणी चार वेळा वळवायचे जादा काम पडते, पण या पंपाला ते झेपण्यासारखे होते.

जुन्या कूलरमध्ये सव्वीस नळ्या होत्या, ८२ सेंटिमीटरच्या, दोन घड्यांच्या. नवा जवळजवळ तेवढाच लांब, फक्त नळ्या दुप्पट आणि अंगाने जाड. जुन्याच जागी तो बसला.

या हिशेबाच्या मर्यादाही आहेत. U कूलरभर सारखाच आहे, पाण्याची विशिष्ट उष्णता बदलत नाही, आणि इंजिन एका जोराला स्थिर झाले आहे, या गृहीतकांवर तो उभा आहे. पाण्याला पाण्याने थंड करताना ती बरीच खरी असतात. तेल थंड करायचे असेल तर ती डगमगतात, कारण तेल थंड होताना घट्ट होते आणि त्याचा अडथळा वाटेतच वाढत जातो. आणि सर्वांत मोठी अनिश्चितता तापमानफरकात नसते, थराच्या आकड्यात असते. एलएमटीडी दशांशापर्यंत अचूक येतो. थराचा आकडा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला की दुप्पट होतो.

नवा कूलर बसला तेव्हा त्याच्यात गरजेपेक्षा दीडपट क्षमता होती. तांडेलांना ते थोडे उधळपट्टीचे वाटले. पण थर्मोस्टॅट जादा पाणी कूलरला वळसा घालून पाठवतो आणि काटा ८२ च्या आसपास ठेवतो, आणि ती जादा क्षमता म्हणजे पुढच्या मोसमातल्या थराची आगाऊ भरपाई आहे. आता पावसाळ्यातल्या बंदीत, जून-जुलैत, नौका किनाऱ्यावर चढवली की झाकण उघडून बावन्न नळ्यांत सळई घालायची, असे ठरले आहे. तांडेलांनी इंजिनखोलीच्या फळीवर खडूने चार तापमाने लिहून ठेवली आहेत: ८२, ७४, ३०, ४५. काटा हलला तर आधी पंप बदलायचा नाही, हे चार आकडे पाहायचे.